रक्कम परत आली, पण तसे लिहून कोण देणार?

वाचकाचे पत्र

स.न.वि.वि.

माझे शेतीपंप आणि पाइप-फिटिंगचे छोटे दुकान आहे आणि खाते गावातील नागरी सहकारी बँकेत आहे. राजकोटच्या पुरवठादाराला ३० मार्चला दुपारी शाखेतून १,८४,५०० रुपयांची एनईएफटी केली. शाखेने यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, दिला, तो मी त्यांना पाठवला. त्यांच्याकडे रक्कम जमा झालीच नाही आणि १ एप्रिलला ती माझ्या खात्यात परत आली. खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला होता. २ एप्रिलला बरोबर खात्यावर तेवढीच रक्कम पुन्हा पाठवली, ती मिळाली. आता त्यांचे ऑडिटर म्हणतात की पहिली रक्कम परत गेल्याचे बँकेचे लेखी पत्र हवे. शिवाय यूटीआरची सुरुवातीची अक्षरे माझ्या बँकेची नाहीत, म्हणून त्यांना संशय आहे. शाखाधिकारी म्हणतात, ‘पासबुकात दिसते आहे, वेगळे पत्र आम्ही देत नाही.’ पत्र मागावे तरी कसे, आणि ते देणे बँकेला बंधनकारक आहे का?

– एक पंपविक्रेते, सांगली जिल्हा

उत्तर

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ‘व्यवहार अयशस्वी झाल्याचे पत्र’ या नावाचा ठरलेला नमुना कोणत्याही नियमात नाही आणि ग्राहकाने सांगितलेल्या शब्दांत पत्र देण्याचे बंधन शाखेवर नाही. मात्र आपल्याच खात्यातील नोंदींचा सही-शिक्क्याचा उतारा मागणे ही नेहमीची सेवा आहे आणि ती नाकारण्याचे कारण शाखेकडे सहसा नसते. आपली मागणी या दुसऱ्या प्रकारात बसवली, तर बहुतेक अडचण तेथेच संपते.

शाखाधिकारी का कचरतात हे आधी पाहू, कारण अर्जाची भाषा त्यावरूनच ठरवायची आहे. ‘राजकोटच्या व्यापाऱ्याला पैसे मिळाले नाहीत असे लिहून द्या’ अशी मागणी केली, तर ते दुसऱ्या बँकेच्या खात्याविषयी विधान होते. ते खाते आपल्या शाखेला दिसत नाही आणि जे आपल्या पुस्तकात नाही त्याची ग्वाही कोणताही जबाबदार अधिकारी देणार नाही. याउलट, अमुक तारखेला खात्यातून इतकी रक्कम नावे पडली, ती या यूटीआर क्रमांकाने पाठवली गेली, आणि अमुक तारखेला त्याच व्यवहाराची रक्कम परत येऊन खात्यात जमा झाली, ही तिन्ही विधाने त्यांच्या संगणकावर समोर असतात. त्यांवर सही करताना त्यांना धोका वाटत नाही. ऑडिटरलाही प्रत्यक्षात एवढेच हवे असते, कारण एकच रक्कम एकाच वेळी परतही यावी आणि दुसऱ्याच्या खात्यातही राहावी असे होत नाही.

मात्र अर्ज लिहिण्यापूर्वी स्वतःशी एक खात्री करून घ्यावी. एनईएफटीमध्ये रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर, नावावर नव्हे. एक आकडा चुकल्यावर दोन शक्यता उरतात. त्या क्रमांकाचे खातेच नसेल, तर समोरची बँक रक्कम परत पाठवते. त्या क्रमांकाचे खाते दुसऱ्याच कोणाचे असेल, तर रक्कम तेथे जमा होते, आणि मग तो व्यवहार फसलेला नसून चुकीच्या माणसाकडे पूर्ण झालेला असतो. तेव्हा त्या खातेदाराच्या संमतीवाचून पैसे परत मिळणे अवघड होते. पुरवठादाराच्या मनात जी शंका आहे ती नेमकी ही दुसरी शक्यता आहे. आपल्या पासबुकात १ एप्रिलची जमा नोंद पाहा. तिच्या तपशिलात ‘रिटर्न’ किंवा ‘आरटीएन’ असा शेरा आणि शक्यतो मूळ यूटीआर क्रमांक दिसायला हवा. केवळ १,८४,५०० रुपये जमा आहेत आणि तपशील कोरा आहे, असे असेल तर ती जमा कशाची आहे हे शाखेने आधी शोधून सांगितले पाहिजे. एखाद्या ग्राहकाने योगायोगाने तेवढीच रक्कम भरली असण्याची शक्यता दूरची असली, तरी ऑडिटर ती विचारू शकतो.

आता यूटीआरविषयी. एनईएफटीचा यूटीआर क्रमांक सोळा अक्षरांचा असतो आणि त्याची पहिली चार अक्षरे रक्कम पाठवणाऱ्या बँकेची असतात. मात्र अनेक नागरी सहकारी बँका या यंत्रणेच्या थेट सदस्य नाहीत. एखाद्या मोठ्या बँकेला प्रायोजक करून तिच्यामार्फत त्या व्यवहार पाठवतात. अशा वेळी यूटीआरवर प्रायोजक बँकेची अक्षरे येतात. राजकोटच्या व्यापाऱ्याला ती खटकणे स्वाभाविक आहे, कारण आजकाल बनावट स्क्रीनशॉट दाखवून माल उचलणारे कमी नाहीत. त्यामुळे पत्रात ‘आमच्या बँकेचे एनईएफटी व्यवहार अमुक प्रायोजक बँकेमार्फत होतात’ असे एक वाक्य अवश्य मागावे. हे वाक्य नसेल, तर शाखेच्या पत्रातील बँकेचे नाव आणि यूटीआरवरील अक्षरे जुळत नाहीत म्हणून पत्रच संशयास्पद ठरेल.

रक्कम परत यायला दोन दिवस लागले त्याचे मूळही बहुधा येथेच आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते आणि दर अर्ध्या तासाला एक तुकडी निघते. लाभार्थी बँकेला रक्कम जमा करता आली नाही, तर तुकडी पूर्ण झाल्यापासून दोन तासांच्या आत तिने ती परत पाठवायची असते. म्हणजे ३० मार्चला दुपारी चारच्या सुमारास निघालेली रक्कम, सर्व काही वेळेवर झाले असेल, तर त्याच संध्याकाळी परतीच्या वाटेला लागलेली असणार. पण ती परत येते ती प्रायोजक बँकेकडे. तेथून आपल्या बँकेच्या मुख्य कार्यालयाकडे आणि तेथून आपल्या खात्यात. मधल्या दोन टप्प्यांत, त्यातही वर्षअखेरीच्या गडबडीत, दोन दिवस सहज जातात. म्हणून पत्रात केवळ खात्यात जमा झाल्याची तारीख नको. परतीचा संदेश बँकेला कधी मिळाला तेही विचारावे. शाखेला ते दिसत नसेल, तर मुख्य कार्यालयातील एनईएफटी पाहणारा विभाग सांगू शकतो. परतीच्या संदेशात कारणही दिलेले असते, जसे की खाते अस्तित्वात नाही, खाते बंद आहे किंवा गोठवलेले आहे. हे कारण पत्रात आले तर पुरवठादाराची शंका पूर्णपणे मिटते. ते मिळायला उशीर होत असेल, तर त्यासाठी पत्र अडवून ठेवू नये. कारणाशिवायचे पत्रही कामाचे आहे.

आपल्या प्रकरणातील खरी गुंतागुंत रक्कम सारखी असण्यात आहे. उताऱ्यावर आता १,८४,५०० रुपयांच्या तीन नोंदी आहेत: ३० मार्चला नावे, १ एप्रिलला जमा, २ एप्रिलला पुन्हा नावे. शाखेने घाईत ‘१,८४,५०० रुपयांचा व्यवहार अयशस्वी झाला’ एवढेच लिहून दिले, तर ते विधान पहिल्याला लागू आहे की दुसऱ्याला, हे कोणालाही कळणार नाही. एखादा चिकित्सक ऑडिटर तर विचारेल की दुसराच व्यवहार परत गेला नसेल कशावरून. म्हणून पत्रात पहिल्या व्यवहाराचा यूटीआर पूर्ण सोळा अक्षरांत हवा आणि परतीची नोंद त्याच यूटीआरशी जोडलेली हवी. दुसऱ्या व्यवहाराचा उल्लेख त्याच पत्रात असावा असा आग्रह धरू नये. त्याची रक्कम पुरवठादाराला मिळालेली आहे आणि त्यांच्या बँकेचा उतारा त्याचा पुरेसा पुरावा आहे.

अर्ज शाखाधिकाऱ्यांच्या नावे, दुकानाच्या लेटरहेडवर, खात्याच्या मालकाच्या सहीने करावा. खाते भागीदारीचे असेल, तर ज्याला खाते चालवण्याचा अधिकार आहे त्याचीच सही हवी. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘माननीय शाखाधिकारी यांस,

विषय: चालू खाते क्रमांक (…) मधील परत आलेल्या एनईएफटी व्यवहाराच्या नोंदींचे लेखी पत्र मिळण्याबाबत.

महोदय, वरील खात्यातून दिनांक ३० मार्च रोजी १,८४,५०० रुपयांची एनईएफटी करण्यात आली. तिचा यूटीआर क्रमांक (…) असा आहे. लाभार्थी खाते क्रमांक चुकीचा नोंदवला गेल्याने ही रक्कम परत आली आणि दिनांक १ एप्रिल रोजी माझ्या खात्यात जमा झाली. माझ्या हिशेबतपासणीसाठी पुढील बाबी बँकेच्या नोंदींवरून लेखी कळवाव्यात, ही विनंती: रक्कम नावे पडल्याचा दिनांक, रक्कम जमा झाल्याचा दिनांक आणि मूल्य दिनांक, दोन्ही नोंदी वरील यूटीआर क्रमांकाच्याच व्यवहाराच्या आहेत किंवा कसे, परतीचा संदेश बँकेला मिळाल्याचा दिनांक आणि त्यात नमूद असलेले कारण, आणि हा व्यवहार प्रायोजक बँकेमार्फत झाला असल्यास तिचे नाव. सोबत ३० मार्च ते १ एप्रिल या कालावधीचा खाते उतारा साक्षांकित करून द्यावा. नियमानुसार लागणारे शुल्क माझ्या खात्यातून वळते करून घ्यावे. पत्र इंग्रजीत मिळाल्यास सोयीचे होईल.’

यात आपली चूक आपणच मांडली आहे, हे मुद्दाम आहे. चलनावर आकडा कोणी चुकवला यावर वाद होण्याची भीती असली, की शाखा प्रत्येक शब्द जपून वापरते आणि पत्र लांबते. चूक शाखेच्या टंकनात झाली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ‘लाभार्थी खाते क्रमांक चुकीचा नोंदवला गेल्याने’ हे शब्द काढून टाकावेत आणि आपण भरलेल्या चलनाची प्रत जपून ठेवावी. इंग्रजी पत्राची विनंती अर्थातच राजकोटच्या ऑडिटरसाठी आहे. अर्ज मात्र मराठीत करायला काही हरकत नाही.

अनेक शाखांत अधिकाऱ्याला पत्र काय लिहावे हाच प्रश्न असतो, आणि मुख्य कार्यालयाला विचारून सांगतो म्हटल्यावर आठवडा जातो. तेव्हा अर्जासोबत पत्राचा कच्चा मसुदा देणे शहाणपणाचे. चारच वाक्यांचा असावा: ‘आमच्या नोंदींनुसार, वरील खात्यातून दिनांक (…) रोजी रुपये (…) यूटीआर क्रमांक (…) द्वारे पाठवण्यात आले. सदर व्यवहार (…) या प्रायोजक बँकेमार्फत करण्यात आला. तो लाभार्थी बँकेकडून (…) या कारणास्तव परत आला असून ती रक्कम दिनांक (…) रोजी याच खात्यात जमा करण्यात आली आहे. हे पत्र खातेदाराच्या विनंतीवरून देण्यात येत आहे.’ ‘आमच्या नोंदींनुसार’ हे सुरुवातीचे शब्द वगळू नयेत. सही करणाऱ्याला त्यांचाच आधार वाटतो. खाली अधिकाऱ्याचे नाव, पद, शाखेचा शिक्का आणि जावक क्रमांक हवा. जावक क्रमांक असला, की पुरवठादाराला शाखेत फोन करून पत्र खरे आहे का हे विचारता येते.

पत्र पुरवठादाराच्या नावे मागू नये. खातेदाराची माहिती तिऱ्हाइताला न देणे ही बँकेची जबाबदारी आहे आणि या कारणाने नकार मिळाला तर तो योग्यच असेल. पत्र आपल्या नावे घ्यावे आणि त्याची प्रत आपण पुढे पाठवावी. उतारा पाठवताना मात्र त्यावरील शिल्लक आणि इतर व्यवहार झाकूनच पाठवावेत. आपल्याकडे मार्चअखेर किती पैसे होते हे राजकोटला कळण्याची गरज नाही, आणि पुढच्या हंगामात उधारीची मुदत ठरवताना ती माहिती आपल्याच विरोधात वापरली जाऊ शकते.

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्यावा. नुसते टेबलावर ठेवलेले कागद हरवतात, आणि हरवले नाहीत तरी कधी दिले याचा पुरावा उरत नाही. शाखा पोच द्यायला तयार नसेल, तर बँकेत नोंदवलेल्या ई-मेल पत्त्यावरून तोच अर्ज शाखेला आणि मुख्य कार्यालयाच्या तक्रार विभागाला पाठवावा. शुल्क बँकेच्या दरपत्रकाप्रमाणे लागते, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. दरपत्रक शाखेत लावलेले असते. दरपत्रकात नसलेले शुल्क मागितले, तर पावती मागावी.

तरीही नकार मिळाला, तर तो लेखी मागावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि तिला शुल्क नाही. ५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका लोकपाल योजनेत येतात. त्याहून लहान बँकांच्या तक्रारी त्याच पोर्टलवरून रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक विभागाकडे जातात. तेथे मांडताना ‘पत्र दिले नाही’ असे मोघम न लिहिता ‘माझ्या खात्यातील दोन नोंदींचा साक्षांकित उतारा अर्ज करूनही दिला नाही’ असे लिहावे. पण माझ्या मते आपले प्रकरण येथवर जाणार नाही. शाखाधिकारी ‘पासबुकात दिसते आहे’ म्हणतात, म्हणजे नोंदीविषयी त्यांना शंका नाही. त्यांना नको आहे ती पत्र लिहिण्याची जबाबदारी, आणि ती मसुद्याने बरीच हलकी होते.

एक मोह टाळावा. रक्कम दोन दिवस अडकली म्हणून व्याज मागण्याचा आपल्याला हक्क असू शकतो: एनईएफटीची रक्कम जमा करण्यात किंवा परत करण्यात उशीर झाला, तर रेपो दर अधिक दोन टक्के या दराने भरपाई द्यावी, असा नियम आहे. रेपो दर सव्वापाच टक्के धरला, तर १,८४,५०० रुपयांवर दिवसाला सुमारे ३७ रुपये होतात, म्हणजे दोन दिवसांचे पाऊणशेच्या आत. (आयएमपीएस किंवा यूपीआयमध्ये रक्कम परत यायला व्यवहारानंतरच्या एका दिवसाहून जास्त लागला, तर दिवसाला १०० रुपये असा वेगळा हिशेब आहे, तो एनईएफटीला लागू नाही.) ही मागणी याच अर्जात घातली, तर विनंतीचे रूपांतर तक्रारीत होते, अर्ज तक्रार विभागाकडे जातो आणि पत्र आणखी लांबते. पत्र हातात पडल्यावर हवे तर स्वतंत्र अर्ज करावा. खाते कॅश क्रेडिटचे असेल तर मात्र मूल्य दिनांकाकडे, म्हणजे व्याजासाठी जमा ज्या तारखेपासून धरली जाते तिच्याकडे, लक्ष द्यावे: जमा नोंद १ एप्रिलची असून मूल्य दिनांक ३० मार्चचा दिला असेल, तर त्या दोन दिवसांचे व्याज आपल्यावर लागलेलेच नाही आणि वेगळे काही मागायला उरत नाही.

पुरवठादाराशी वाद पुढे न्यायालयात किंवा लवादाकडे जाण्याची चिन्हे असतील, तर साध्या पत्राऐवजी बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ नुसार प्रमाणित केलेला उतारा मागावा. त्यावर ही नोंद बँकेच्या नेहमीच्या पुस्तकातील आहे, ती कामकाजाच्या ओघात झालेली आहे आणि पुस्तक बँकेच्या ताब्यात आहे, असे प्रमाणपत्र असते. संगणकातील नोंदींसाठी त्या यंत्रणेविषयीचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. केवळ हिशेब जुळवण्यासाठी याची गरज नाही, आणि कारण नसताना या कायद्याचे नाव घेतले तर शाखा थेट कायदा विभागाकडे बोट दाखवेल.

आपल्या स्वतःच्या वह्यांतही या व्यवहाराने वर्ष ओलांडले आहे, ते विसरू नये. ३० मार्चची नोंद टॅलीतून खोडून टाकण्याची चूक बरेच जण करतात. मग ३१ मार्चच्या बँक उताऱ्याशी शिल्लक जुळत नाही आणि फरक नेमका १,८४,५०० रुपयांचा येतो. मूळ नोंद राहू द्यावी आणि परतीची वेगळी नोंद करावी. ३१ मार्चला राजकोटच्या व्यापाऱ्याचे देणे फिटलेले नव्हते, तेव्हा ते ताळेबंदात देणे म्हणूनच दिसले पाहिजे आणि बँक जुळवणी पत्रकात ही रक्कम परतीच्या वाटेवर असल्याचे दाखवले पाहिजे. पुरवठादाराच्या बाजूने तपासताना त्यांच्या ऑडिटरला हेच दिसायला हवे: मार्चअखेर दोन्ही वह्यांत येणे-देणे सारखे. त्यांनी यूटीआर पाहूनच ३० मार्चला रक्कम जमा धरली असेल, तर त्यांना ती नोंद उलटवावी लागेल, आणि त्यासाठी आधार म्हणूनच त्यांना आपले पत्र हवे आहे. आपल्या सीएंना पत्राची एक प्रत या नोंदींसोबत लावायला सांगावी.

आणि शाखेत किंवा मोबाइल बँकिंगमध्ये लाभार्थ्यांच्या यादीत तो चुकीचा खाते क्रमांक अजून असेल, तर आजच काढून टाकावा. एकाच नावाचे दोन लाभार्थी यादीत असले, की पुढच्या बिलाच्या वेळी घाईत पहिलाच निवडला जातो. आता एनईएफटी आणि आरटीजीएस करण्यापूर्वी खाते क्रमांकावरून खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी देणे अपेक्षित आहे. नवीन पुरवठादाराला पहिली रक्कम पाठवताना शाखेत ते नाव पडद्यावर दाखवायला सांगावे, आणि बिलावरील नावाशी ते ताडून पाहिल्यावरच चलनावर सही करावी.